फिल्टरचे भाग संपण्याआधी ग्राहकांना पाठवायचे आठवणीचे संदेश

टिळकवाडीतील घर, महापालिकेचे नळपाणी

१२ फेब्रुवारी २०२५, मशीन बसवल्याच्या दिवशी

नमस्कार काकू. आज आपल्या घरी आर.ओ. मशीन बसवून झाले. बाहेरचा प्री-फिल्टर साधारण चार महिने, आतली कार्बनची कार्ट्रिज सहा महिने, यू.व्ही.चा दिवा वर्षभर आणि मेम्ब्रेन दोन ते तीन वर्षे चालते. या तारखा आमच्या वहीत आपल्या घराच्या नावाने लिहिल्या आहेत आणि प्रत्येक भागाची मुदत संपण्याच्या साधारण दोन आठवडे आधी आम्ही आपल्याला कळवू. एरवी संदेश पाठवून त्रास देणार नाही. संदेश नको असतील तर ‘थांबवा’ एवढेच लिहावे.

२८ मे २०२५, प्री-फिल्टर

नमस्कार काकू. बाहेरच्या प्री-फिल्टरचे चार महिने १२ जूनला पूर्ण होतात, पण तो त्याच दिवशी बदलण्याची घाई करू नये, अशी आमची विनंती आहे. शहराला राकसकोप आणि हिडकलचे पाणी येते आणि पाऊस सुरू झाला की सुरुवातीचे काही दिवस नळाला गढूळपणा जाणवतो. नवा फिल्टर त्याआधीच बसवला तर तो त्या गाळानेच लवकर भरेल. त्यापेक्षा आत्ता एक फिल्टर घरी आणून ठेवावा, जुना शक्य तितका चालू द्यावा आणि पारदर्शक भांड्यातली पांढरी कॅन्डल पूर्ण खाकी दिसू लागली किंवा टाकी भरायला नेहमीपेक्षा बराच वेळ लागू लागला की लगेच बदलावा. किंमत २५० रुपये. ‘हो’ लिहिल्यास उद्या आमचा मुलगा घरी आणून देईल. बसवायला बोलावलेत तर वेगळे पैसे नाहीत.

२९ जुलै २०२५, कार्बन कार्ट्रिज

नमस्कार काकू. कार्बनच्या कार्ट्रिजचे सहा महिने १२ ऑगस्टला पूर्ण होतात. प्री-फिल्टर मळलेला डोळ्यांना दिसतो, कार्बनचे तसे नाही. ती निकामी झाली तरी पाणी स्वच्छच दिसते आणि धारही कमी होत नाही, म्हणून हा भाग बदलायचा सर्वांत जास्त राहून जातो. नळाच्या पाण्यातले क्लोरीन अडवणे हे तिचे काम आहे, आणि ते अडले नाही तर पुढे बसवलेली महाग मेम्ब्रेन त्या क्लोरीनमुळे खराब होते. साडेचारशे रुपयांच्या भागासाठी दोन हजारांचा भाग वेळेआधी बदलावा लागू नये, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहीत आहोत. २७ ऑगस्टला गणेशचतुर्थी आहे. घरी पाहुणे आले की पाणी जास्त लागते, तेव्हा त्याआधीच काम उरकलेले बरे. शनिवारी दुपारी किंवा रविवारी सकाळी, आपल्याला सोयीची वेळ कळवावी.

४ ऑगस्ट २०२५, उत्तर न आल्यास

नमस्कार काकू. कार्बन कार्ट्रिजबद्दल मागच्या आठवड्यात लिहिले होते. या भागासाठी हा दुसरा आणि शेवटचा संदेश. आपण ती दुसरीकडून घेऊन बसवली असेल तर फक्त तारीख कळवावी, म्हणजे पुढची आठवण त्या हिशेबाने पाठवता येईल.

२८ जानेवारी २०२६, यू.व्ही. दिवा

नमस्कार काकू. यू.व्ही.च्या दिव्याला १२ फेब्रुवारीला वर्ष होते. तो निळा पेटलेला दिसला तरी जंतू मारण्याची त्याची ताकद वर्षभरात घटते, म्हणून तो बदलावा. किंमत ४०० रुपये.

येळ्ळूर येथील घर, बोअरचे पाणी

१० नोव्हेंबर २०२५, मेम्ब्रेन

नमस्कार दादा. आपल्या मेम्ब्रेनला या महिनाअखेरीस दोन वर्षे पूर्ण होतात. मात्र केवळ तारीख आली म्हणून नवी घ्या, असे आम्ही सांगणार नाही. मशीन बसवले तेव्हा बोअरच्या पाण्याचा टी.डी.एस. ६४० होता आणि मशीनमधून ४५ येत होता. ऑगस्टच्या सर्व्हिसला बोअरचा आकडा जवळपास तोच असताना मशीनचा ११० भरला. आत येणारे पाणी बदललेले नाही आणि बाहेरचा आकडा चढतो आहे, याचा अर्थ मेम्ब्रेन क्षार पूर्वीइतके अडवत नाही. ११० टी.डी.एस.चे पाणी पिण्यास अयोग्य नाही, परंतु चढ असाच चालू राहिला तर पुढे पाण्याची चव बदलू लागेल. या आठवड्यात येळ्ळूरच्या फेरीत मीटर घेऊन येतो, तपासणीचे पैसे नाहीत. आकडा १५० च्या पुढे गेला असेल तर मेम्ब्रेन बदलू, नाहीतर फेब्रुवारीत पुन्हा मोजू. आपण शेतावर असाल तर घरी वहिनींना सांगून ठेवावे, आणि आम्ही येण्याआधी मशीन अर्धा तास चालू ठेवायला सांगावे, म्हणजे आकडा बरोबर मिळेल.