विषय: भामरागड तालुक्यातील दुसऱ्या फेरीचे क्षेत्रकाम पुरामुळे थांबल्याबाबत

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

दुसऱ्या फेरीचे काम ठरल्याप्रमाणे ३१ जुलैपर्यंत पूर्ण होणार नाही. संततधार पावसामुळे आलापल्ली–भामरागड रस्ता बंद आहे आणि उरलेली पाचही गावे नाल्यांपलीकडे आहेत. मी सध्या आलापल्लीत थांबले आहे. दोघे सर्वेक्षक भामरागडला त्यांच्या नातेवाइकांकडे सुखरूप आहेत. तिकडे वीज नाही, रेंज मध्येच येते. काल रात्री तेवढ्यात बोलणे झाले.

१२ पैकी ७ गावांतल्या १०४ कुटुंबांच्या मुलाखती झाल्या आहेत. ५ गावांतली ७६ कुटुंबे बाकी आहेत. झालेले फॉर्म संगणकावर चढवून त्याची प्रत मी विभागाच्या ड्राइव्हवर ठेवली आहे, त्यामुळे माहितीला धोका नाही.

रस्ता नेमका कधी सुरू होईल हे इथे कुणीच सांगू शकत नाही. पर्लकोटेचे पाणी भामरागडच्या बाजारपेठेत शिरले आहे आणि दुकानदारांनी माल माडीवर चढवला आहे. इथला पाऊस थांबला तरी पूर लगेच ओसरत नाही. बस्तरकडून इंद्रावती भरून आली की पर्लकोटेचे पाणी मागे तुंबते. त्यातून लाहेरीच्या पुढची तीन गावे गुंडेनूर नाल्यापलीकडे. डोंगा घालून नाला ओलांडू, असे सर्वेक्षकांपैकी एकाने सुचवले होते. मी स्पष्ट नको म्हटले आहे. पाणी उतरेपर्यंत कुणालाही पाठवणार नाही.

आठवडे वाया जातात यापेक्षा मला हंगामाची काळजी जास्त आहे. आपला प्रश्नच रोवणीच्या दिवसांतल्या बायकांच्या आहाराचा आहे. या दिवसांत घरातले धान संपत आलेले असते आणि बाई दिवसभर चिखलात वाकलेली असते. मागच्या आठवड्यात एका घरी २४ तासांच्या आहाराची नोंद घेतली. सकाळी कण्यांची पेज, रात्री भात आणि वास्त्याची भाजी, मध्ये काहीच नाही. ढोली दाखवायला तिने झाकण काढले, तर धान तळाला लागले होते. हेच घर सप्टेंबरात पाहिले तर बाडीतला मका हाताशी आलेला असेल आणि रोवणीचे कष्टही संपलेले असतील. वर्षभरातल्या टंचाईचे प्रश्न उशिरा विचारता येतील, आहाराची नोंद मात्र त्या-त्या दिवसाचीच असते.

म्हणून दोन सोपे मार्ग मी बाजूला ठेवले आहेत. या गावांऐवजी रस्त्यालगतची गावे घेऊन ७६ चा आकडा भरता येईल, पण तिथे बाजार आणि रेशन दुकान जवळ आहे. पावसाळ्यात तुटणारी गावे नमुन्यातून गळली, तर निष्कर्ष खऱ्या परिस्थितीपेक्षा बरा दिसेल. फोनवर मुलाखती घेणेही शक्य नाही. रेंजचा प्रश्न आहेच, शिवाय माडियातून समोर बसून, भांडे दाखवून मापे विचारल्याशिवाय ही नोंद खरी होत नाही.

माझा प्रस्ताव असा आहे. रस्ता उघडताच सगळ्यांत दूरच्या गावापासून सुरुवात करायची. तोवर रोवणी उरकली असेल, तर पूर्ण झालेल्या सातपैकी दोन गावांत त्याच कुटुंबांची आहाराची नोंद त्याच आठवड्यात पुन्हा घ्यायची. म्हणजे हंगामामुळे पडलेला फरक किती आणि गावागावांतला किती, हे वेगळे पाहता येईल. प्रत्येक फॉर्मवर रोवणीची स्थिती आणि गाव संपर्कात होते की नव्हते, हेही नोंदवायचे.

आणखी एक प्रश्न वाढवावा असे वाटते. अशा गावांना रेशनचे धान्य पावसाळ्यापूर्वीच आगाऊ दिले जाते. ते मिळाले का आणि कुठवर पुरले, हे विचारले तर रस्ता बंद राहण्याचा घरातल्या चुलीशी थेट संबंध समजेल. प्रश्नावलीत बदल होत असल्याने नैतिकता समितीला कळवावे लागेल. सुधारित पान सोबत जोडले आहे. समितीचे उत्तर येईपर्यंत हा प्रश्न विचारणार नाही.

तुमच्याकडून मला तीन गोष्टी हव्या आहेत: दोन गावांत पुन्हा नोंद घ्यायला संमती, नव्या प्रश्नाबद्दल तुमचे मत आणि सहामाही प्रगती सादरीकरणाची तारीख सप्टेंबरअखेर नेण्यासाठी समितीला तुमचे पत्र. ठरलेल्या तारखेलाच सादरीकरण करायचे झाल्यास ७ गावांचे प्राथमिक विश्लेषण मांडता येईल, पण ते अपुरे आहे असे त्यावर स्पष्ट लिहावे लागेल. गाडीचे भाडे सध्या थांबवले आहे. सर्वेक्षकांचे मानधन मात्र या काळातही द्यावे, अशी माझी विनंती आहे. ते कामासाठीच तिथे अडकले आहेत आणि घरची रोवणी सोडून आले आहेत.

इथे संध्याकाळी सहानंतर फोन लागतो. उद्या किंवा परवा तुम्हाला सोयीचे असेल तेव्हा मी फोन करते. पाणी ओसरून वाहतूक सुरू झाली की त्याच दिवशी कळवीन.

आपली विद्यार्थिनी,
सुजाता
आलापल्ली, २३ जुलै