विषय: टेस्टिंगच्या फोनांसाठी वाढीव १,०८,००० रुपये – सुधारित विनंती

मॅडम, सोमवारचा मेल बाजूला ठेवा. त्यात नकाराची भीतीच जास्त घातली होती.

सहा नवे अँड्रॉइड फोन, प्रत्येकी १८,०००. शिवाय सेटअपला आमच्यातल्या एकाचे दोन दिवस. सध्या हिंजवडीत आम्ही नऊ जण चार फोनांवर पाळ्या लावतो. पाचव्याची बॅटरी फुगून मागचं झाकण रबरबँडने धरलं होतं, तो आज काढून टाकला. नवे आल्यास रिलीजची तपासणी पाचवरून साडेतीन दिवसांवर येईल. हा अंदाज आहे, मोजलेलं नाही.

नाही मिळाले तर काम अडणार नाही. तपासणी पाच दिवसांचीच राहील, आणि नव्या अँड्रॉइडवरचे काही दोष आधी ग्राहकाला दिसतील. गेल्या तिमाहीत असे दोन आले, दोन्ही किरकोळ. तीनच फोन दिलेत तरी चालवून घेऊ.