पुण्याच्या क्यूए लीड पोझिशनबद्दल – बार्शीतून काम करता येईल का?

नमस्कार मॅडम,

काल फोनवर तुम्ही विचारलंत की पुण्याला शिफ्ट व्हायला काही प्रॉब्लेम नाही ना, तेव्हा माझा स्टँडअप सुरू होणार होता म्हणून "नंतर सांगते" एवढंच बोलले. आता निवांत लिहिते. मेसेज लांब होणार आहे, पण अर्धवट सांगून तिसऱ्या राउंडनंतर घोळ होण्यापेक्षा हे बरं.

मुद्दा असा की मला पुण्याला राहायला यायचं नाहीये. मी बार्शीची आहे, इथेच राहून काम करते आणि पुढेही शक्यतो इथूनच करायचं आहे. जेडी वाचला, काम मला आवडलंय, अगदी मनापासून. इन्शुरन्स डोमेन आहे, ऑटोमेशन फ्रेमवर्क शून्यापासून उभं करायचंय, टीम छोटी आहे, मला हेच हवं होतं. फक्त त्यात खाली "हायब्रिड, आठवड्यातून ३ दिवस ऑफिस, लोकेशन पुणे" असं लिहिलंय तिथे माझी गाडी अडते. तर ही ओळ किती पक्की आहे ते तुमच्याकडून समजून घ्यायचंय.

एक गोष्ट आधीच क्लिअर करते कारण हा प्रश्न प्रत्येक एचआर विचारतो. घरी कोणी आजारी नाहीये, लहान मुलाचं कारण नाहीये, कसली मजबुरी नाही. असं काहीतरी सांगितलं की समोरचा लगेच समजून घेतो हे मला माहितीये, पण मग सहा महिन्यांनी "आता सगळं ठीक आहे ना, मग या की पुण्याला" असंही ऐकावं लागतं. मला इथे राहायला आवडतं आणि माझं काम इथून नीट होतं, बस एवढंच कारण आहे. मी पुण्यात चार वर्षं राहून नोकरी केलेली आहे त्यामुळे न बघताच नाही म्हणतेय असं पण नाही.

२०२० मध्ये लॉकडाऊन लागलं तेव्हा बार्शीला आले आणि तेव्हापासून इथूनच काम चालू आहे. सध्याच्या कंपनीत रिग्रेशनचा जो सूट आहे तो बहुतेक सगळा मी इथे बसून लिहिलाय, सेलेनियम आणि जावामध्ये, एपीआय टेस्ट वेगळ्या, आणि ते सगळं जेनकिन्सवर रोज रात्री रन होतं. आधी रिलीजच्या आधी मॅन्युअल रिग्रेशनला टीमचे जवळजवळ चार दिवस जायचे, आता रात्री लावलं की सकाळी रिपोर्ट समोर असतो. दोन ज्युनियर मुलं माझ्या हाताखाली तयार झाली, त्यातला एक नागपूरला बसतो आणि एक पुण्यात, दोघांशी रोज कॉलवर बोलणं असतं. हे सांगायचं कारण म्हणजे लीड रोल आहे म्हटल्यावर हायरिंग मॅनेजर पहिला प्रश्न हाच विचारणार की टीम समोर नसताना लीड कशी करणार, तर त्याचं उत्तर तुमच्याकडे असू द्या, लागलं तर मी स्वतः त्यांच्याशी बोलते. नोकरी बदलायचं कारण पण हेच आहे, आमच्याकडे आता सगळ्यांना पाचही दिवस ऑफिसला बोलावलंय.

इंटरनेट आणि लाईटचं विचारतीलच. फायबरची २ कनेक्शन आहेत, दोन वेगळ्या कंपन्यांची, आणि दोन्ही एकदम गेलीच तर फोनचा हॉटस्पॉट. दोन घेण्याचं कारण असं की रस्ता खोदला की केबल तुटते, आणि एकाच कंपनीचं बॅकअप घेऊन काही उपयोग नसतो, दोन्ही एकदमच बंद पडतात. मेंटेनन्ससाठी लाईट जाते ते बहुतेक वेळा आधी कळतं, इन्व्हर्टर आहे, लॅपटॉप आणि राउटर दोन्ही त्याच्यावर आहेत, कामाचा दिवस निघतो. अगदीच दिवसभर लाईट नसेल तर मी आदल्या दिवशी टीमला सांगून ठेवते. बसायला वेगळी खोली आहे, दार लागतं, कॉल चालू असताना मागून कुकरची शिट्टी वगैरे ऐकू येत नाही :)

आता मी काय करू शकते ते सांगते, म्हणजे तुम्हाला पुढे बोलायला काहीतरी हातात राहील. पुण्याला यायचंच नाही असं नाहीये. हुतात्मा एक्सप्रेस कुर्डुवाडीला थांबते, सकाळी ती पकडली की दुपारच्या आत पुण्यात, त्यामुळे महिन्यातून एकदा सलग दोन-तीन दिवस येणं मला सहज जमतं. स्प्रिंट प्लॅनिंग, मोठा रिलीज, क्लायंट व्हिजिट, ऑडिट, असं काही असेल तर त्या आठवड्यात पूर्ण ५ दिवस पण येईन. सुरुवातीचा एक महिना, अगदी दीड महिना म्हणाल तरी पुण्यात राहून रोज ऑफिसला यायची माझी तयारी आहे. ते मला स्वतःलाच हवंय, नवीन माणसांशी ओळख कॉलवर होत नाही आणि कोणाला काय विचारायचं हे जागेवर बसूनच कळतं. पण दर आठवड्याला तीन दिवस म्हणजे मला पुण्यात घर घ्यावंच लागणार, मग ते हायब्रिड नावालाच राहिलं, माझ्यासाठी ते शिफ्ट होणंच आहे. दिवस आठवड्याच्या हिशोबाने न मोजता महिन्याच्या किंवा तिमाहीच्या हिशोबाने मोजता येतात का, हे प्लीज विचाराल का? काही ठिकाणी असं करतात, एकूण दिवस तेवढेच नाही भरत पण बॅजचा रिपोर्ट बघणाऱ्यांना काहीतरी आकडा मिळतो.

माझे प्रश्न इथून सुरू होतात, थोडे जास्त आहेत, सॉरी. पहिलं म्हणजे तीन दिवसांचा नियम नक्की कोणाचा आहे, कंपनीचा, त्या मॅनेजरचा, का क्लायंटचा? मॅनेजरचा असेल तर बोलून बघता येतं, कंपनीची पॉलिसी असेल तर अपवादाला कोणाचं अप्रूव्हल लागतं आणि आजवर कोणाला मिळालंय का. क्लायंटचा असेल, म्हणजे इन्शुरन्सचा डेटा असल्यामुळे ऑफिसच्या नेटवर्कवरूनच ॲक्सेस द्यायचा असं कॉन्ट्रॅक्टमध्ये असेल, तर मग विषयच संपतो आणि मला ते मान्य आहे, त्यात तुमचाही वेळ घालवायला नको. पण व्हीडीआय किंवा कंपनीच्या लॅपटॉपवर व्हीपीएन लावून चालत असेल तर मी पुण्याच्या फ्लॅटमधून बसले काय आणि बार्शीतून बसले काय, सिक्युरिटीच्या दृष्टीने फरक नाही. आठवड्यातले बाकीचे २ दिवस लोक घरूनच करतात म्हणजे ॲक्सेसची सोय असणारच, असं मला वाटतं.

तुमचं ऑफिस एसईझेडमध्ये आहे का ते पण सांगा. एसईझेड युनिटला घरून कामासाठी २०२२ मध्ये ४३ए हा वेगळा नियम आणला होता, त्यात सुरुवातीला युनिटला परवानगी आणि कर्मचाऱ्यांची यादी वगैरे भानगडी होत्या. तसं असेल तर मॅनेजर हो म्हणाला तरी ॲडमिनकडून अडू शकतं, म्हणून आधीच विचारतेय.

दुसरं, जे काय ठरेल ते ऑफर लेटरमध्ये येईल का? हे मी जरा आग्रहाने विचारतेय. माझ्या ओळखीच्या एकाला एका कंपनीने इंटरव्ह्यूत तोंडी सांगितलं की घरूनच करा काही टेन्शन नाही, आठ-नऊ महिन्यांनी मॅनेजर बदलला, नवीन मॅनेजरने लेटर उघडलं तर बेस लोकेशन पुणे, झालं, पुढच्या महिन्यापासून हजर व्हा. लेटरमध्ये "कंपनी कधीही कुठेही बदली करू शकते" हे वाक्य सगळ्यांच्याच असतं, ते काढा असं मी म्हणत नाही, कोणी काढणारही नाही. पण बेस लोकेशन बार्शी किंवा निदान "रिमोट" आणि ऑफिसला यायचे दिवस किती हे लिहून मिळालं, आणि बदलायचं झालं तर आधी २ महिन्यांची नोटीस, एवढं जमलं तरी मला चालेल. एचआरचा मेल असला तरी चालेल एकवेळ, पण लेखी पाहिजे.

पगाराचं पण मोकळंच बोलते. काल मी १८ लाखांची अपेक्षा सांगितली होती, सध्या १४ आहे. ती अपेक्षा पुण्यात राहायचा खर्च धरून होती. बार्शीतून काम असेल तर १६.५ पर्यंत मी खाली येऊ शकते, त्याच्या खाली नाही, कारण काम तेच आहे आणि जबाबदारी पण तीच. लोकेशनप्रमाणे बँड वेगळा असेल तर तो किती ते सांगा, आणि अप्रेझलच्या वेळी परत त्याचा धागा धरून मागे ठेवत नाहीत ना हेही. पुण्याला येण्याजाण्याचा आणि राहण्याचा खर्च कंपनी देते का? बेस लोकेशन पुणे ठेवलं तर तो माझ्या खिशातून जाणार, बेस बार्शी असेल तर ट्रॅव्हल क्लेम होतो, असं माझ्या आत्ताच्या कंपनीत आहे, तुमच्याकडे वेगळं असू शकतं.

आणि हे सगळं ऐकून ते नाहीच म्हणाले तर मला स्पष्ट नाही सांगा, वाईट वाटणार नाही. फक्त माझ्या प्रोफाइलवर "ओपन टू रिलोकेट" टाकून पुढे पाठवू नका प्लीज, "बघू नंतर कन्व्हिन्स करू" असंही नको. त्या जागी दुसरी कुठली पोझिशन असेल, सीनियर क्यूए चालेल, लीडच पाहिजे असा हट्ट नाही, कॉन्ट्रॅक्टवर ६ महिने-वर्ष असेल तरी विचार करीन, फक्त लोकेशनची अडचण नको. सोलापूरला तुमच्या कुठल्या क्लायंटचं छोटं ऑफिस असेल तर तेही चालेल, आठवड्यातून दोनदा मी तिथे जाऊ शकते. नाशिक, कोल्हापूर मात्र नको, मग पुणे काय वाईट.

नोटीस पिरियड ६० दिवसांचा आहे, बायआउट होतो, त्यामुळे ४५ दिवसांत जॉइन होऊ शकेन. टेक्निकल राउंड या आठवड्यात लावायचा असेल तर लावा पण त्याआधी हायरिंग मॅनेजरच्या कानावर ही लोकेशनची गोष्ट घाला, त्यांना इंटरव्ह्यूच्या शेवटी कळलं तर दोघांचाही तास वाया. अपडेटेड सीव्ही सोबत जोडलाय, त्यात वरच लोकेशन बार्शी लिहिलंय, तो तसाच राहू द्या. कॉल करायचा असेल तर दुपारी १ ते २ किंवा संध्याकाळी ७ नंतर कधीही करा, मधे मीटिंग असतात, उचलला नाही तर मेसेज टाका, मी करते.