विषय: पीएच.डी. अर्जांसाठी शिफारसपत्राची विनंती – स्नेहल, एम.एस्सी. पर्यावरणशास्त्र 2022-24

सांगली, 6 ऑक्टोबर 2025

आदरणीय सर,

सादर नमस्कार. मी स्नेहल, 2022-24 च्या तुकडीतली. वाळवा-पलूस भागातल्या क्षारपड जमिनींवरचा प्रबंध मी आपल्याकडे केला होता. गेले वर्षभर सांगलीतल्या एका माती परीक्षण प्रयोगशाळेत काम करते आहे.

2026 च्या प्रवेशासाठी मी अमेरिकेत तीन ठिकाणी पीएच.डी.चा अर्ज करते आहे: डेव्हिस आणि रिव्हरसाइड इथली कॅलिफोर्निया विद्यापीठं आणि कॉर्नेल. तिन्ही अर्जांसाठी आपण शिफारसपत्र द्यावं, ही विनंती. माझ्याबद्दल मनापासून चांगलं लिहिता येईल असं वाटत नसेल, तर तसं निःसंकोच कळवा. मोघम पत्रानं अर्जाला फारसा उपयोग होत नाही, आणि आपल्याला भीडेखातर लिहावं लागू नये असं मला वाटतं.

पत्र 20 नोव्हेंबरपर्यंत मिळालं तर बरं होईल. विद्यापीठांच्या मुदती त्यानंतरच्या आहेत, पण त्या तिथल्या वेळेनुसार मोजल्या जातात. कॅलिफोर्नियाची वेळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे असते आणि शेवटच्या दिवशी संकेतस्थळं रखडतात. दिवाळी आणि सत्र परीक्षेची गडबड लक्षात घेऊनच आजच लिहिते आहे.

इतर दोन पत्रं वर्गातल्या अभ्यासाबद्दल आणि सध्याच्या नोकरीबद्दल असतील. शेतावरचं आणि प्रबंधाचं काम फक्त आपण जवळून पाहिलं आहे, म्हणून आपलं पत्र त्यावर असावं असं वाटतं. आठवणीसाठी तपशील देते. 18 ठिकाणं, 0-30 आणि 30-60 सें.मी. अशा दोन खोल्या, आणि मे व नोव्हेंबर अशा दोन फेऱ्या. एकूण 72 नमुने. मे निवडला कारण बाष्पीभवनानं क्षार वर येऊन पृष्ठभागावर साठतात. पावसाळ्यात तेच धुऊन खाली जातात, हा फरक नोव्हेंबरच्या फेरीत दिसला.

एक प्रसंग पत्रात आला तर फार बरं होईल. मी 1:2.5 प्रमाणातल्या द्रावणाची विद्युतवाहकता थेट 4 डेसिसायमन प्रति मीटर या मर्यादेशी ताडून बऱ्याच जमिनी निर्धोक ठरवल्या होत्या. ती मर्यादा संपृक्त अर्कासाठी आहे, हे आपण पहिल्याच मसुद्यात दाखवलंत. मग 12 नमुन्यांचे संपृक्त लगदे करून रात्रभर ठेवले आणि अर्क काढून पुन्हा मोजले. काळ्या मातीच्या एका नमुन्यात 1.6 चं मूल्य 4.7 झालं, आणि निष्कर्षाचं प्रकरण मी नव्यानं लिहिलं. प्रवेश समितीला नेमकं हेच पाहायचं असतं: चूक दाखवल्यावर विद्यार्थी काय करतो. ही चूक लपवण्याची गरज नाही, सर.

सीजीपीए 8.71 आहे. दुसऱ्या सत्रात भौतिक रसायनशास्त्रात कमी गुण आहेत. त्याचं स्पष्टीकरण मी अर्जात दिलं आहे, आपण त्यावर लिहिण्याची आवश्यकता नाही. पुढे मला भूमिगत निचऱ्यानंतर क्षार किती खोलीवरून किती वेगानं बाहेर पडतात, यावर काम करायचं आहे. उसाला पाटानं बेसुमार पाणी देऊन भूजल वर आलेल्या कृष्णाकाठच्या गावांत हा प्रश्न आपण रोजच पाहतो.

आता प्रत्यक्ष पत्राबद्दल. एक ते दीड पान, महाविद्यालयाच्या लेटरहेडवर, सहीनिशी, पीडीएफ. मला किती काळापासून आणि कोणत्या नात्यानं ओळखता, हे सुरुवातीलाच असू द्या. तुकडीतल्या इतरांच्या तुलनेत मी कुठे बसते, हेही एका वाक्यात सांगितलंत तर मदत होईल. काही फॉर्मवर याचा रकानाही असतो. मजकूर एकच चालेल, फक्त विद्यापीठाचं नाव बदलताना जुनं राहू नये एवढं पाहावं.

पत्र मला पाठवायचं नाही. मी अर्जात आपला ईमेल भरला की प्रत्येक विद्यापीठाकडून वेगळी लिंक आपल्याला येईल, तिथेच अपलोड करायचं. पत्र पाहण्याचा हक्क मी सोडून देणार आहे, त्यामुळे आपण मोकळेपणानं लिहावं. या लिंक बऱ्याचदा स्पॅममध्ये जातात. महाविद्यालयाचा पत्ता वापरावा असा विचार आहे, कारण खासगी जीमेलवर काही ठिकाणी शंका घेतली जाते. तो पत्ता आपण नियमित पाहता का, तेवढं कळवा. त्यानंतरच मी लिंक पाठवायला लावेन.

सोबत माझं संशोधनाचं निवेदन, रेझ्युमे, गुणपत्रकं, प्रबंधाची पीडीएफ आणि तिन्ही विद्यापीठांच्या मुदतींचा एक पानाचा तक्ता जोडला आहे. पासपोर्टवरचं नाव रेझ्युमेत वर लिहिलं आहे. पत्रात नेमकं तेच हवं. आपली हरकत नसेल तर 5 नोव्हेंबरला एकदा आठवण करीन. एखादी गोष्ट समोर बसून बोलायची असेल तर शनिवारी दुपारनंतर विभागात येऊ शकते.

आपली विद्यार्थिनी,
स्नेहल