न पटणारं मत: रात्री दात घासल्यावर चूळ भरू नये

हे मत आमच्या घरात अजून कुणालाच पटलेलं नाही, तरी मांडतो. रात्री दात घासून झाले की फेस नीट थुंकायचा आणि तसंच झोपायला जायचं. पाण्याने खळखळून चूळ भरायची नाही.

"शी, तोंडात पेस्ट ठेवून झोपायचं?" असं बायको म्हणाली. तिला किळस वाटली यात नवल नाही. पेस्टची चव जाईपर्यंत चुळा भरायच्या, हेच आपण सगळे लहानपणापासून शिकलो. पेस्ट म्हणजे तोंडाचा साबण, मग तो धुवायलाच हवा. मला मात्र फ्लोराइडची पेस्ट साबणापेक्षा मलमासारखी वाटते. मलम लावून लगेच कुणी धुऊन टाकत नाही.

खाल्ल्यावर तोंडातले जंतू साखरेचं आम्ल करतात. दातावरच्या थराचा पीएच साधारण ५.५च्या खाली गेला की दाताच्या कवचातली खनिजं सुटायला लागतात. लाळ ती झीज हळूहळू भरून काढते आणि त्या कामी फ्लोराइडची मदत होते. पण झोपेत लाळ फार कमी सुटते. म्हणजे दातांना मदतीची सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच आपण ती बेसिनमध्ये सोडून देतो! ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवाही हेच सांगते: थुंका, पण लगेच चूळ भरू नका.

पहिले चार-पाच दिवस मलाही जड गेले. हात आपोआप नळाकडे जायचा, जिभेच्या कडेला पुदिन्याची चव चुरचुरत राहायची. मग पेस्टच कमी केली. ब्रशभर लांब पट्टी नाही, वाटाण्याएवढी. फेस कमी झाला, दोन-तीनदा थुंकलं की तोंड मोकळं वाटायला लागलं. ओठ ओल्या हाताने पुसतो, बस्स. आता ती चव जाणवतही नाही.

हे सगळ्यांना सरसकट लागू आहे असं नाही. पेस्टमध्ये फ्लोराइडच नसेल तर माझा मुद्दाच उरत नाही. लहान मुलं पेस्ट गिळतात, त्यांना ती अगदी थोडीच द्यावी आणि थुंकायला शिकवावं. ज्यांच्या पिण्याच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, त्यांनी आधी दातांच्या डॉक्टरांना विचारलेलं बरं.

तुम्हाला हे पटत नसेल तर कारण जरूर लिहा. फक्त किळस वाटते म्हणून नको, की आणखी काही अनुभव आहे? पेस्ट राहिली की घशात खवखव होणारे, मळमळणारे कुणी आहेत का? आणि इथे दातांचे डॉक्टर असतील तर त्यांना एक खास प्रश्न: तुम्ही स्वतः रात्री ब्रश केल्यावर चूळ भरता का?