पोस्टग्रेस 13 चा सपोर्ट 13 नोव्हेंबर 2025 रोजी संपतो आहे

नमस्कार,

तुमचा डेटाबेस अजून पोस्टग्रेस 13 वर आहे. 13 नोव्हेंबर 2025 नंतर या आवृत्तीला सुरक्षा दुरुस्त्या मिळणार नाहीत, त्यामुळे आमच्या सर्व्हरवरही ती बंद होईल. कृपया 31 ऑक्टोबरपर्यंत आवृत्ती 17 वर या. 15 सप्टेंबरपासून 13 वर नवा डेटाबेस उघडता येणार नाही.

आधी पूर्ण बॅकअप घ्या आणि तो दुसरीकडे रिस्टोअर करून पाहा. रिस्टोअर न केलेल्या बॅकअपवर विसंबू नका, ही कळकळीची विनंती. डम्प घेताना `pg_dump` आवृत्ती 17 चेच वापरा. मग चाचणी सर्व्हरवर तुमचे ॲप्लिकेशन निदान आठवडाभर चालवा.

अडचण बहुधा दोन ठिकाणी येते. आवृत्ती 14 पासून नवे पासवर्ड `scram-sha-256` पद्धतीने साठवले जातात, त्यामुळे जुना ड्रायव्हर लॉगिनलाच अडतो. तो आधी अपडेट करा. शिवाय 15 पासून, नव्या डेटाबेसमधल्या `public` स्कीमात टेबल बनवण्याची परवानगी सर्वांना आपोआप नसते, ती `GRANT` ने द्यावी लागते.

स्थलांतरानंतर लगेच हे चालवा, नाहीतर क्वेऱ्या विनाकारण रेंगाळतील:

```
vacuumdb --all --analyze-in-stages
```

मुदतीत न हललेले डेटाबेस आम्ही 8 नोव्हेंबरच्या रात्री स्वतः हलवू. त्यात सेवा काही काळ बंद राहील. वेळ तुम्ही निवडलेली बरी. अडचण आल्यास याच ईमेलला उत्तर द्या, आम्ही सोबत बसून काम पूर्ण करू.

डेटाबेस सेवा विभाग