निकाल ते प्रवेश: सोनूचा बेत

सोनू,

काल फोनवर म्हणालास, "आता दोन-तीन महिने मोकळेच." मोकळे आहेत, पण सगळेच नाहीत. म्हणून हा बेत. कपाटाच्या दाराला लाव आणि पटणार नाही ते खोड.

मे संपेपर्यंत कागदपत्रं. अभ्यास तुझ्या हातात असतो, दाखले कचेरीच्या हातात, म्हणून ते आधी. जातीचा दाखला आणि डोमिसाईल घरात आहेत. जात वैधतेचा अर्ज अकरावीत दिला होता, तो कुठे अडलाय ते बाबांबरोबर जाऊन विचारून ये. नॉन-क्रिमीलेअरची मुदत 31 मार्चला संपली, उद्याच नव्याचा अर्ज टाक. माझ्या वेळी हाच एक दाखला उशिरा आला आणि मला खुल्या गटातून अर्ज पक्का करावा लागला. ती हळहळ अजून जात नाही, तुझ्या वाट्याला ती यायला नको. आधार आणि गुणपत्रिकेवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतं का बघ. बँकेचं खातं आधारला जोडून घे, शिष्यवृत्ती त्यातच जमा होते.

केमिस्ट्रीचे गुण तुला कमी वाटतात ना? आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागव, सरांना दाखव. त्यांना पटलं तरच पुनर्मूल्यांकन. याची मुदत थोडी असते, रेंगाळू नकोस.

मग आठ दिवस आजोळी जा. पुस्तक नेऊ नकोस. दोन वर्षं तू सकाळची सीईटीची शिकवणी आणि संध्याकाळची टेस्ट यांतच काढलीस, हे मी पाहिलंय.

सीईटीचा निकाल लागला की खरं काम कॅपच्या प्रवेशफेऱ्यांसाठीच्या पसंतीक्रमाचं. मागच्या वर्षीचे फेरीनिहाय कटऑफ काढ आणि वहीत कॉलेजांचे तीन गट कर: मिळणं अवघड, मिळेलसं, नक्की मिळेल. मधल्या गटातली तीन-चार कॉलेजं प्रत्यक्ष बघून ये. ऑफिसात विचारू नकोस, दुसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठ: प्रॅक्टिकल खरंच होतात का, हॉस्टेल कुणाला मिळतं, पहिल्या वर्षी कोणता विषय राहतो. यादी मात्र मनातल्या क्रमानेच भर. खालचं कॉलेज "सेफ" म्हणून वर टाकलंस तर तेच पदरात पडेल. पहिल्या फेरीत पहिली पसंती लागली तर ती घ्यावीच लागते. फेऱ्या लांबतात, तेव्हा बीएस्सीचा अर्जही भरून ठेव. प्रवेश रद्द केल्यास फी किती परत मिळते ते ती भरण्याआधीच विचार.

रोज सकाळी तासभर इंटिग्रेशन, कारण पहिल्या सेमिस्टरला मॅथ्समध्येच मुलं अडकतात. बाकी आईकडून कुकर लावायला आणि फोडणी द्यायला शीक, हॉस्टेलवर उपयोगी पडेल. जुलैत अठरा पूर्ण होतील, मतदार नोंदणीचा फॉर्म 6 भर.

बाबा गुणांवरून बोलले तर मला फोन कर, मी बोलते त्यांच्याशी. रविवारी येतेय. तोवर नॉन-क्रिमीलेअरची पावती फाईलमध्ये हवी.

ताई